लघुतम वर्गांची रेषा चुकते तेव्हा: लंबाच्या दोन बेरजांनी चूक शोधणे

मी नाशिकच्या एका महाविद्यालयात गणित शिकवतो. माझ्या वर्गात निफाड, दिंडोरी आणि चांदवड तालुक्यांतल्या द्राक्षबागायतदारांची बरीच मुले असतात, त्यामुळे जानेवारी महिना लागला की एक तक्रार दर वर्षी ठरल्यासारखी येते: "सर, रेषा काढली, पण उत्तर जुळत नाही." बागेत ऑक्टोबर छाटणीनंतर साधारण शंभराव्या दिवसापासून रिफ्रॅक्टोमीटरने मण्यांतली साखर मोजायला सुरुवात होते. चार-पाच मोजण्या हाती आल्या की त्यांतून लघुतम वर्गांच्या पद्धतीने सरळ रेषा काढून व्यापाऱ्याला हवा असलेला ब्रिक्स, म्हणजे रसातले साखरेचे प्रमाण, कोणत्या दिवशी येईल याचा अंदाज बांधायचा आणि त्यावर खुड्याची तारीख ठरवायची, असा हा व्यवहार असतो. रेषा चुकली तर मजूर, गाडी आणि सौदा या तिन्हींचे गणित चुकते.

या लेखात मी अशाच एका घरातली अडचण तपशिलाने सोडवून दाखवणार आहे. छाटणी ७ ऑक्टोबर २०२३ रोजी झाली होती आणि वहीतल्या नोंदी पुढीलप्रमाणे होत्या.

| छाटणीनंतरचा दिवस | ब्रिक्स |
|---|---|
| १०० | १३.८ |
| १०५ | १५.० |
| ११० | १५.६ |
| ११५ | १७.० |
| १२० | १७.६ |

प्रश्न एवढाच होता, की ब्रिक्स १८ कोणत्या दिवशी होईल. माझ्या विद्यार्थिनीचे उत्तर १२५.१ दिवस आले. तिच्या भावाने फोनवरच्या स्प्रेडशीट पत्रकात वेगळ्या मार्गाने १२५.३ काढले. वडिलांनी साध्या कॅल्क्युलेटरवर सूत्राने १२२.७ काढले. दोघा भावंडांची उत्तरे जवळजवळ जुळली, म्हणून वडिलांचेच काहीतरी चुकले असणार असे घरात ठरले. प्रत्यक्षात तिन्ही उत्तरे चुकीची होती. बरोबर उत्तर १२१.५ दिवस असे आहे आणि तिघांच्या चुका तीन वेगळ्या प्रकारच्या होत्या. भावंडांची उत्तरे जुळली हा निव्वळ योगायोग होता.

उत्तरे एकमेकांशी ताडून चूक सापडत नाही, हे यातून दिसतेच. मग चूक शोधायची कशी? त्यासाठी लघुतम वर्गांची समीकरणे कुठून येतात ते पाहावे लागते, कारण ज्या विचारातून ती समीकरणे निघतात त्याच विचारातून त्यांची तपासणीही निघते.

लंब नेमका कुठे टाकला जातो

आपल्याला `y = c + m x` अशी रेषा हवी आहे. येथे `m` हा रेषेचा चढ आहे आणि `c` हा y-अक्षावरील छेद. पाचही नोंदी एकाच रेषेवर असत्या तर पाच समीकरणे एकाच वेळी खरी ठरली असती. तशा त्या नाहीत, म्हणून दोन अज्ञातांची पाच समीकरणे आहेत आणि त्यांना एकत्रित उकल नाही.

आता दृष्टी थोडी बदलावी लागते. कागदावरचे पाच बिंदू क्षणभर विसरून जावेत आणि ब्रिक्सचे पाच आकडे मिळून एक सदिश आहे असे समजावे: `y = (13.8, 15.0, 15.6, 17.0, 17.6)`. हा सदिश पाच मितींच्या अवकाशात आहे. त्याच अवकाशात आणखी दोन सदिश आहेत. एक म्हणजे सगळे एक असलेला स्तंभ, `1 = (1, 1, 1, 1, 1)`, आणि दुसरा म्हणजे दिवसांचा स्तंभ, `x = (100, 105, 110, 115, 120)`. कोणतीही रेषा निवडली, म्हणजे `c` आणि `m` च्या कोणत्याही किमती घेतल्या, तरी त्या रेषेने सांगितलेले पाच ब्रिक्स `c·1 + m·x` या रूपाचे असतात. असे सगळे सदिश मिळून एक प्रतल तयार होते. रेषा निवडणे म्हणजे या प्रतलातला एक बिंदू निवडणे होय.

आपला `y` मात्र त्या प्रतलात नाही, तो थोडा बाहेर आहे. प्रतलातला त्याच्या सर्वांत जवळचा बिंदू कोणता, हे भूमितीत आपण शाळेतच शिकलेलो असतो: बिंदूपासून प्रतलावर लंब टाकावा, आणि लंबपाद हाच सर्वांत जवळचा बिंदू. त्यालाच `y` चा त्या प्रतलावरचा प्रक्षेप म्हणतात. तो सर्वांत जवळचा का, हे पायथागोरसच्या प्रमेयावरून लगेच दिसते. प्रतलातला दुसरा कोणताही बिंदू घेतला, तर `y` पासून त्या बिंदूपर्यंतचे अंतर हा एका काटकोन त्रिकोणाचा कर्ण होतो आणि लंब ही त्याच त्रिकोणाची एक बाजू असते. कर्ण बाजूपेक्षा मोठाच असणार. पाच मितींत अंतराचा वर्ग म्हणजे पाच फरकांच्या वर्गांची बेरीज, म्हणून 'सर्वांत जवळचा बिंदू' आणि 'वर्गांची सर्वांत लहान बेरीज' या दोन्हींचा अर्थ एकच होतो.

या ठिकाणी मुलांचा हमखास गोंधळ होतो, म्हणून थोडे थांबतो. हा लंब आलेखाच्या कागदावरचा लंब नाही. कागदावर बिंदूपासून रेषेवर तिरका लंब टाकून त्याची लांबी मोजणे ही वेगळी पद्धत आहे आणि तिचे उत्तरही वेगळे येते. आपल्या पद्धतीत कागदावर मोजायचे अंतर सरळ उभे असते, म्हणजे मोजलेला ब्रिक्स वजा रेषेने सांगितलेला ब्रिक्स. अशा पाच उभ्या अंतरांचा मिळून जो एक सदिश होतो, तो पाच मितींच्या अवकाशात प्रतलाला लंब असतो. कागदावर काटकोन शोधायला गेलेला विद्यार्थी तो कधीच सापडत नाही म्हणून सिद्धतेवरच शंका घेतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

या फरकांच्या सदिशाला `e` म्हणू: `e = y − c·1 − m·x`. तो संपूर्ण प्रतलाला लंब असण्यासाठी प्रतल तयार करणाऱ्या दोन्ही स्तंभांना लंब असणे पुरेसे आहे. दोन सदिश परस्परांना लंब असतात तेव्हा त्यांचा अदिश गुणाकार शून्य असतो, म्हणून दोनच अटी मिळतात.

```
1·e = 0   म्हणजे   Σe  = 0
x·e = 0   म्हणजे   Σxe = 0
```

या अटींत `e` ची किंमत घालून पदे वेगळी केली की नेहमीची दोन समीकरणे समोर येतात.

```
n c  + m Σx  = Σy
c Σx + m Σx² = Σxy
```

यांना नॉर्मल समीकरणे म्हणतात. 'नॉर्मल' म्हणजे येथे 'सर्वसाधारण' नव्हे, तर भूमितीतला अभिलंब. त्या नावातच लंबाची अट आहे. दोन स्तंभ शेजारी ठेवून केलेल्या मॅट्रिक्सला `A` म्हटले, तर हीच समीकरणे `AᵀA` गुणिले अज्ञातांचा स्तंभ बरोबर `Aᵀy` अशी लिहिता येतात. अवकलनानेही हीच समीकरणे मिळतात आणि परीक्षेत बहुतेक जण तीच वाट घेतात. पण अवकलनाच्या वाटेने गेल्यास समीकरणे हाती येतात आणि लंब नजरेआड होतो. चूक शोधताना उपयोगी पडतो तो लंबच.

आधी बरोबर उत्तर

आपल्या नोंदींसाठी `n = 5`, `Σx = 550`, `Σx² = 60750`, `Σy = 79` आणि `Σxy = 8738` येतात. समीकरणे अशी होतात:

```
5 c   + 550 m   = 79
550 c + 60750 m = 8738
```

निश्चयक `5×60750 − 550² = 1250` आहे. `m = (5×8738 − 550×79)/1250 = 240/1250 = 0.192` आणि त्यावरून `c = 15.8 − 0.192×110 = −5.32`. म्हणजे रोज सरासरी ०.१९२ ब्रिक्स वाढतो आहे आणि १८ ब्रिक्स `(18 + 5.32)/0.192`, म्हणजे साधारण १२१.५ व्या दिवशी येतो. छेद ऋण आल्यामुळे काही जण घाबरतात. छाटणीच्या दिवशी वेलीवर मणीच नसतो, त्यामुळे त्या दिवसाच्या ब्रिक्सला काही अर्थ नाही. तो आकडा म्हणजे रेषा मागे ताणल्यावर अक्षाला जिथे छेदते ती जागा, एवढेच.

रेषेने सांगितलेले आकडे १३.८८, १४.८४, १५.८०, १६.७६ आणि १७.७२ येतात. मोजलेल्या आकड्यांतून ते वजा केले की `e` मिळतो: −०.०८, ०.१६, −०.२०, ०.२४, −०.१२. यांची बेरीज शून्य आहे. प्रत्येकाला त्या-त्या दिवसाने गुणून केलेली बेरीजही शून्य येते: −८ + १६.८ − २२ + २७.६ − १४.४ = ०. दोन्ही लंब जुळले, म्हणजे प्रक्षेप बरोबर आहे. वर्गांची बेरीज ०.१४४ आहे आणि कोणतीही दुसरी रेषा घेतली तरी ही बेरीज याहून लहान होऊ शकत नाही.

पत्रकात दिवस A स्तंभात आणि फरक D स्तंभात असतील, तर तपासणी दोन ओळींत होते.

```
=SUM(D2:D6)
=SUMPRODUCT(A2:A6, D2:D6)
```

संगणक येथे नेमके शून्य न दाखवता `-1.4E-13` असा काहीतरी अतिसूक्ष्म आकडा दाखवू शकतो. ती चूक नाही. दशांश आकडे संगणकात द्विमान पद्धतीने साठवताना राहिलेला तो अंश असतो. खरी चूक असते तेव्हा आकडा इतका सूक्ष्म राहत नाही, हे आता दिसेलच.

पहिली चूक: एकांचा स्तंभच नाही

विद्यार्थिनीच्या रेषेचा चढ ०.१४३८ होता आणि छेद शून्य. तिच्या फरकांवर या दोन बेरजा करून पाहिल्या. फरक −०.५८, −०.१०, −०.२२, ०.४६ आणि ०.३४ असे होते. पहिली बेरीज −०.११ आली, दुसरी मात्र शून्य आली.

एक बेरीज जुळते आणि दुसरी जुळत नाही, ही खूण फार बोलकी आहे. `e` दिवसांच्या स्तंभाला लंब आहे, पण एकांच्या स्तंभाला नाही. याचा अर्थ प्रक्षेप घेतला गेला, पण तो प्रतलावर नसून फक्त `x` च्या दिशेतल्या एका रेषेवर घेतला गेला. तिने `m = Σxy/Σx² = 8738/60750` एवढेच केले होते, कारण पत्रकात तिने `LINEST` चा तिसरा घटक `FALSE` ठेवला होता आणि त्याने छेद शून्य धरला जातो. आलेखाच्या ट्रेंडलाइनमध्ये `Set Intercept` वर खूण राहून गेली आणि तिथे शून्य असले, तरी हेच होते. पायथॉनमध्ये मॅट्रिक्सला एकांचा स्तंभ जोडायचा राहिला, तरी हेच.

प्रतल सोडून त्यातल्या एकाच दिशेवर लंब टाकला, तर लंबपाद दूर जाणारच. तिच्या फरकांच्या वर्गांची बेरीज ०.७२६ आली, म्हणजे बरोबर रेषेच्या सुमारे पाचपट. आलेखावरही ते दिसत होते: सुरुवातीचे तीन बिंदू रेषेच्या खाली आणि शेवटचे दोन वर. छेद शून्य धरायला हरकत नसते, पण त्यासाठी `x = 0` असताना `y = 0` असते हे विषयातूनच माहीत असावे लागते. मीटरभर कापडाला इतके रुपये, तर शून्य मीटरला शून्य रुपये, हे ठीक आहे. साखर छाटणीच्या दिवसापासून सरळ रेषेत चढत येत नाही, म्हणून येथे ते ठीक नाही.

```python
import numpy as np
x = np.array([100, 105, 110, 115, 120])
y = np.array([13.8, 15.0, 15.6, 17.0, 17.6])
A = np.column_stack([np.ones(5), x])
c, m = np.linalg.lstsq(A, y, rcond=None)[0]
print(A.T @ (y - c - m*x))
```

शेवटच्या ओळीत `A` च्या सर्व स्तंभांशी होणारे अदिश गुणाकार एकदमच मिळतात. मात्र `A` मध्ये एकांचा स्तंभ नसेल, तर तो नसल्याचे ही ओळ सांगणार नाही, कारण ती असलेल्या स्तंभांपुरतेच पाहते. म्हणून फरकांची साधी बेरीज वेगळी करावी, असा माझा आग्रह असतो.

दुसरी चूक: चढ दोन दशांशांपुरता ठेवला

वडिलांनी सूत्र बरोबर वापरले होते, आकडेमोडही बरोबर केली होती. छेद −५.३२ काढून झाल्यावर त्यांनी चढ वहीत ०.१९ असा उतरवला आणि पुढे तोच वापरला. ०.१९२ ऐवजी ०.१९, म्हणजे एक टक्क्याची कमी, आणि एवढ्याने काय बिघडणार असे कुणालाही वाटेल. त्यांच्या रेषेचे फरक ०.१२, ०.३७, ०.०२, ०.४७, ०.१२ असे आले. सगळे धन. बेरीज १.१०, आणि दिवसांनी गुणून केलेली बेरीज १२१.५. दोन्ही लंब मोडले आणि रेषा सगळ्या बिंदूंच्या खालून गेली. दोन्ही बेरजा मोडल्या आणि फरकांचे चिन्ह सगळीकडे एकच असले, तर मी सूत्र तपासण्याआधी आकडे कुठे तोडले ते शोधतो.

एवढ्याशा तोडण्याने इतका परिणाम का झाला, याचे उत्तरही भूमितीतच आहे. ०.००२ ची चूक ११० ने गुणली जाऊन मध्यभागी ०.२२ ब्रिक्सची होते. आपले दोन स्तंभ, एकांचा आणि दिवसांचा, जवळजवळ एकाच दिशेने जातात. १००, १०५, ११०, ११५, १२० हे आकडे एकमेकांच्या इतके जवळ आहेत, की हा स्तंभ म्हणजे ११० पट केलेल्या एकांच्या स्तंभाचीच थोडी विस्कटलेली प्रत वाटते. दोन्हींमधला कोन काढला तर तो सुमारे ३.७ अंश येतो. अशा दोन जवळजवळ समांतर काठ्यांवर प्रतल तोलायचे, तर एका काठीची लांबी किंचित बदलली तरी दुसरीने तेवढेच उलट बदलून घ्यावे लागते. वडिलांनी चढ बदलला, पण छेद जुनाच ठेवला.

तारीख थेट `x` म्हणून वापरली, तर हा कोन आणखी मिटतो. पत्रकात तारीख आतून अनुक्रमांक म्हणून साठवलेली असते. एक्सेलमध्ये २५ जानेवारी २०२४ म्हणजे `45316`. आपल्या पाच तारखा १५ जानेवारी ते ४ फेब्रुवारी अशा येतात आणि दोन स्तंभांतला कोन एका अंशाच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी होतो. चढ तोच ०.१९२ राहतो, पण छेद −८६८४.८७२ येतो. तिथे चढ ०.१९ असा उतरवला, तर मध्यभागी ९० ब्रिक्सहून मोठी चूक होते. आलेखावर छापलेले समीकरण डोळ्यांनी पाहून दुसऱ्या घरात टाकणारे अनेक जण याच खड्ड्यात पडतात. निश्चयकही असाच फसवतो. तो `51338497650 − 51338496400` या वजाबाकीतून येतो आणि उत्तर तेच १२५० असते. पत्रक पंधरा अंकांपर्यंत हिशेब ठेवते म्हणून तिथे निभावते, पण आठ अंकी कॅल्क्युलेटरवर हे आकडे मावतच नाहीत.

उपाय सोपा आहे आणि मी तो नेहमीच वापरतो, मग संगणक असो वा वही. दिवसांमधून त्यांची सरासरी वजा करावी आणि `u = x − 110` घ्यावा: −१०, −५, ०, ५, १०. नवा स्तंभ जुन्या दोन स्तंभांपासूनच तयार झाला आहे, म्हणून प्रतल तेच राहते, प्रक्षेप तोच राहतो आणि रेषाही तीच. बदलतो तो फक्त कोन: `u` ची बेरीज शून्य असल्यामुळे तो एकांच्या स्तंभाला अगदी काटकोनात येतो. मग रेषा `y = a + m u` अशी लिहिली की नॉर्मल समीकरणे एकमेकांत गुंतत नाहीत.

```
5 a   = 79   →  a = 15.8
250 m = 48   →  m = 0.192
```

रेषा `y = 15.8 + 0.192 (x − 110)`. आता चढ ०.१९ असा तोडला, तरी मध्यभागी काहीच चूक होत नाही, टोकाला फक्त ०.०२ ब्रिक्सची होते आणि फरकांची बेरीजही शून्यच राहते. ०.०२ हा फरक रिफ्रॅक्टोमीटरवर डोळ्यांना दिसतही नाही. वडिलांनी हेच रूप वहीत लिहिले असते, तर तोडलेल्या चढानेही त्यांचे उत्तर १२१.६ आले असते.

तिसरी चूक: लंब जुळतात, तरी रेषा चूक

भावाची रेषा `y = −1.54 + 0.156 x` अशी होती. फरक −०.२६, ०.१६, −०.०२, ०.६०, −०.४८. बेरीज शून्य. दिवसांनी गुणून केलेली बेरीजही शून्य. तपासणी पूर्ण उत्तीर्ण, आणि तरीही उत्तर १२५.३ दिवस.

या तपासणीची मर्यादा इथे दिसते आणि ती नीट समजून घ्यायला हवी. लंबाच्या दोन बेरजा एवढेच सांगतात, की दिलेल्या `y` चा प्रक्षेप बरोबर घेतला आहे. `y` स्वतः खरा आहे की नाही, हे त्या सांगू शकत नाहीत. म्हणून दोन्ही बेरजा शून्य आल्यावर सूत्रात चूक शोधत बसू नये, वही उघडावी.

पण वहीत कोणती नोंद पाहायची? सर्वांत मोठा फरक ११५ व्या दिवशी आहे, ०.६०. भावाने तीच नोंद दोनदा पडताळून पाहिली होती आणि ती १७.० अशी बरोबरच होती. चूक त्याच्या शेजारी, १२० व्या दिवशी होती. वहीतले १७.६ त्याने पत्रकात १६.७ असे टंकले होते.

चुकीच्या नोंदीचा फरक लहान आणि निर्दोष नोंदीचा मोठा, हे विचित्र वाटते, पण प्रक्षेपात ते व्हायचेच. टोकाची नोंद रेषेला स्वतःकडे ओढून घेते. किती ओढते ते मोजता येते: `1/n + u²/Σu²`, म्हणजे १२० व्या दिवसासाठी `1/5 + 100/250 = 0.6`. त्या नोंदीत ०.९ ची चूक झाली, तर रेषा तिथे ०.५४ ने खाली येते आणि फरकात फक्त उरलेले ०.३६ दिसते. आधीचा फरक −०.१२ होता, तो −०.४८ झाला. मधल्या नोंदीसाठी हाच आकडा ०.२ असतो, म्हणजे ११० व्या दिवशी तीच चूक झाली असती तर ०.९ पैकी ०.७२ फरकात उघडपणे दिसले असते. यासाठी मी फरकांचा आकार पाहताना टोकाच्या नोंदींकडे अधिक संशयाने पाहतो, आणि ती एक नोंद वगळून रेषा पुन्हा काढतो. भावाच्या पत्रकातून १२० वा दिवस वगळल्यावर उरलेल्या चार नोंदींवरून रेषा त्या दिवशी १७.९० सांगते. पत्रकात मात्र १६.७ होते. १.२ ब्रिक्सची तफावत लपून राहत नाही. वहीतल्या १७.६ शी हाच अंदाज ०.३ च्या आत जुळतो.

अशी तफावत दिसली तरी नोंद परस्पर बदलू नये. निफाडकडे कडाक्याची थंडी पडली, की साखर भरण्याचा वेग खरोखर मंदावतो. तसे झाले असेल तर कमी आलेला आकडा ही चूक नसते, त्या आठवड्याची ती खरी बातमी असते आणि तेव्हा सरळ रेषाच अपुरी पडलेली असते. या घरात वहीतली नोंद १७.६ अशी स्पष्ट होती, म्हणून निर्णय सोपा गेला. वहीत १६.७ असते, तर त्याच ओळींतले वेगवेगळ्या वेलींचे घड निवडून, त्यांच्या वरच्या व खालच्या भागांतले मणी एकत्र पिळून, काच स्वच्छ पुसून पुन्हा मोजा, असेच मी सांगितले असते.

पत्रकात १७.६ केल्यावर भावाची रेषा −५.३२ आणि ०.१९२ वर आली. विद्यार्थिनीने `FALSE` काढल्यावर तिचीही तीच आली. वडिलांनी ११० वजा करून वहीत दोन भागाकार केले आणि त्यांचेही तेच आले. त्याखाली त्यांनी फरकांच्या दोन बेरजा लिहून ठेवल्या, दोन्ही शून्य.